विजापूर रोड पायी ओलांडणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापूर, सैफुल, आयटीआय, विजापूर नाका या भागात राहणाऱ्या आणि रोज पायी विजापूर रोड ओलांडणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. दूध, दवाखाना, शिकवणी, रिक्षा, काही ना काही आपल्याला पलीकडेच गाठावं लागतं. मी ज्या पट्ट्यात राहते तिथं जवळपास सिग्नलही नाही आणि पादचारी पूलही नाही. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या आखणीच्या कामात गेली. गाडीवाला रस्त्याकडं कसा बघतो, ब्रेक लागायला किती जागा लागते, माणूस किती वेगानं चालतो, हे मोजण्याचंच ते काम होतं. त्यातलं जे आपल्या रोजच्या उपयोगाचं आहे, ते सांगावं म्हणून लिहिते आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण घरासमोरूनच रस्ता ओलांडतात. गल्लीच्या तोंडाशी आलं, उजवीकडं बघितलं, हात वर केला आणि निघालं. सगळ्यांत जवळची जागा तीच सगळ्यांत सोयीची, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शंभर-दीडशे मीटरवर याहून खूप बरी जागा असू शकते, आणि गर्दीच्या वेळी तिथून ओलांडलं तर वेळही कमी लागतो. हे पटायला थोडा हिशेब करावा लागेल.

गाड्यांचे एका बाजूला दोन पदर धरू. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे फुटपाथच्या कडेपासून दुभाजकापर्यंत ७ मीटर. धडधाकट माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. म्हणजे ७ मीटरला ६ सेकंद लागतात. त्यात बघून पाऊल उचलायला आणि शेवटी थोडी सवड राहायला २ सेकंद मिळवा. ८ सेकंद झाले. गुडघे दुखणाऱ्या मावशी, काठी टेकत चालणारे काका किंवा कडेवर मूल असलेली बाई यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरावा लागतो. त्यांना तेवढ्याच ७ मीटरला ९ सेकंद लागतात, सवडीचे ३ मिळवून १२. आता दर तासाला एका बाजूनं १२०० वाहनं जातात असं धरू. दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक सगळं मिळून. म्हणजे सरासरी दर ३ सेकंदांनी एक वाहन. ती जर कशीही, पुढेमागे येत असतील, तर ८ सेकंदांची मोकळी फट मिळायला सरासरी अर्धा मिनिट थांबावं लागतं. १२ सेकंदांची फट मात्र सरासरी अडीच मिनिटांनी मिळते. फट फक्त दीडपट हवी होती, थांबणं जवळजवळ पाचपट झालं.

आमच्या बाजूच्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "थांबून थांबून पाय दुखायलेत ओ, मग घुसावंच लागतंय." त्यांचा अनुभव अगदी खरा आहे. जगभर असं दिसून आलं आहे की अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागलं की माणूस अपुऱ्या फटीतही पाऊल टाकतो. सावकाश चालणाऱ्याला जास्त थांबावं लागतं, त्यामुळं ज्याला फट मोठी हवी तोच आधी घाई करतो. यात चूक त्या माणसाची नाही, जागेची आहे.

आता मधे दुभाजक नाही, किंवा आहे पण त्यावर पाय ठेवायला जागा नाही, असं समजा. दोन्ही बाजू मिळून १४ मीटर एका दमात पार करायचे तर धडधाकट माणसालाही १४ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ दोन्हीकडून रस्ता मोकळा हवा. दोन्ही बाजूंनी तासाला १२०० वाहनं असतील तर अशी फट मिळायला हिशेबानं साडेचार तासांहून जास्त लागतात. म्हणजे ती मिळतच नाही. लोक तरीही ओलांडतात, कारण ते मधल्या पट्ट्यावर, वाहत्या गाड्यांच्या मधोमध उभे राहतात. आणि ज्या जागी दुभाजकात माणसाला उभं राहता येईल अशी मोकळी जागा आहे, तिथं तोच माणूस अर्धा मिनिट इकडं आणि अर्धा मिनिट तिकडं थांबून शांतपणे पलीकडं जातो. साडेचार तास कुठं आणि एक मिनिट कुठं. म्हणून सुरक्षित जागा शोधताना मी पहिली गोष्ट हीच बघते, की रस्ता अर्धा-अर्धा ओलांडता येईल का.

अशी जागा १५० मीटरवर असेल तर तिथपर्यंत जायला दोन मिनिटं लागतात, सावकाश चालणाऱ्याला तीन. पलीकडं गेल्यावर पुन्हा मागं यायचं असेल तर तेवढीच वेळ परत. घरासमोर उभं राहून जाणारा वेळ आणि हा वेळ यांत फरक फारसा उरत नाही, आणि वाहनांची गर्दी असेल त्या वेळी फेरा मारणंच लवकरचं ठरतं. पहाटे सहाला रस्ता रिकामा असतो, तेव्हा हा हिशेब लागू नाही. तेव्हा वेगळा धोका असतो, त्याकडं पुढं येते.

दुभाजकातली प्रत्येक मोकळी जागा चांगली नसते. कुणी जाळी वाकवून किंवा दगड काढून केलेली वाट असते, तिथं दुभाजकाची रुंदी जेमतेम पाऊल मावेल एवढी. तिथं उभं राहिलं की पिशवी किंवा खांदा गाडीच्या वाटेत येतो. उभं राहायला निदान दीड-दोन मीटर खोली हवी. बाळाची गाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या माणसासकट जवळजवळ तेवढीच लांब होते, म्हणून हा आकडा. दुसरी अडचण कण्हेरीची. दुभाजकावर कण्हेर किंवा तसलीच झुडपं माणसाच्या छातीपर्यंत वाढलेली असतात. समोरच्या दिव्यांचा झोत अडावा म्हणून ती लावतात आणि त्यासाठी ती चांगलीच. पण त्या झाडीतून बाहेर पडणारं शाळकरी मूल गाडीवाल्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतं. झाडी संपून वीस-पंचवीस मीटर मोकळं आहे अशी जागा निवडा. तिसरी अडचण म्हणजे वाहनांना वळण्यासाठी ठेवलेली तोडलेली जागा. तिथं आपल्याला उभं राहायला ऐसपैस वाटतं, पण यू-टर्न घेणारा चालक समोरून येणाऱ्या गाड्यांकडं बघत असतो, आपल्याकडं नाही. अशा जागेच्या अगदी टोकाशी, वळणाऱ्या गाडीच्या वाटेबाहेर उभं राहावं, नाहीतर ती जागा सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट मी बघते ती वेग. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. चालकाला आपण दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढं येते. मग ब्रेक लागून थांबायला आणखी १४ मीटर, तेही कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरवर. एकूण ३५ मीटर. हीच गाडी ताशी ३० नं असेल तर १८ मीटरच्या आत थांबते. भरलेल्या ट्रकला आणि पहिल्या पावसात ओल्या झालेल्या रस्त्यावर सगळ्यांनाच जास्त जागा लागते. म्हणून जिथं गाड्या आपोआप हळू होतात ती जागा शोधायची: गतिरोधकाच्या लगेच पुढं, शाळेजवळ, किंवा जिथं रस्ता अरुंद होतो तिथं. उतारावर, चढाच्या माथ्यावर किंवा वळणानंतर लगेच ओलांडू नका. तिथं गाडी दिसते तेव्हा ती थांबण्याच्या पलीकडं आलेली असते.

आता डोळ्यांनी मोजायचं कसं? त्यासाठी रस्त्यावरचे दिव्याचे खांब वापरा. आपल्याकडं ते साधारण ३० मीटरवर असतात, पण तुमच्या भागात एकदा पावलं टाकून बघा. ८ सेकंदांत ताशी ५० ची गाडी ११२ मीटर येते, म्हणजे जवळपास चार खांब. उजवीकडं चार खांबांपर्यंत काही येत नसेल तर धडधाकट माणसानं निघायला हरकत नाही. मावशी-काकांनी सहा खांब धरावेत. रात्री नऊनंतर आणि पहाटे गाड्या सुसाट असतात. तेव्हा ताशी ७० धरा. मग तेच अंतर धडधाकट माणसाला साडेपाच आणि सावकाश चालणाऱ्याला आठ खांब होतं. रात्री समोर फक्त दोन दिवे दिसतात. त्यांवरून गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे हे कोणालाच नीट ओळखता येत नाही, म्हणून खांबावर विसंबणं बरं. गाडी कुठल्या खांबापाशी आहे ते बघून ठरवायचं. स्वतःचा वेग मोजायला रस्त्यावर जायची गरज नाही. गल्लीत टेपनं ७ मीटर मोजा आणि मोबाईलवर वेळ लावून नेहमीच्या चालीनं चाला, हातात पिशवी घेऊन.

चौकाजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. तुमच्या पट्ट्याच्या आधीच्या चौकात सिग्नल असेल तर गाड्या एकेक न येता जथ्यानं येतात. जथा निघून गेला की मागं मोठी फट राहते. दोनदा-तीनदा नुसतं उभं राहून बघितलं की तो ठेका कळतो. जितकं सिग्नलच्या जवळ तितकी फट स्पष्ट असते. पाच-सहाशे मीटर पुढं गेलं की जथा विस्कटतो आणि हा फायदा संपतो. मात्र चौकाच्या अगदी तोंडाशी ओलांडायला जाऊ नका. तिथं डावीकडं वळणाऱ्या दुचाक्या सिग्नल लाल असतानाही येत असतात आणि शेअर रिक्षा कडेलाच उभ्या असतात.

फट दिसली की तिच्यात काय लपलंय तेही बघावं लागतं. ऊसतोडणीच्या हंगामात आपल्याकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. लोक ट्रॅक्टर पुढं गेला की निघतात, आणि मागून दुसरी ट्रॉली येते. काही जण तर दोन ट्रॉल्यांच्या मधून जाऊ बघतात. ते कधीच करू नका, तिथं जोडदांडा असतो आणि चालकाला आपण दिसत नाही. ट्रॉली पूर्ण गेली तरी क्षणभर थांबा, कारण तिला ओलांडून पुढं जाऊ बघणाऱ्या दुचाक्या तिच्या आडून अचानक निघतात. असंच थांबलेल्या गाडीचं. बसवाल्यानं किंवा रिक्षावाल्यानं गाडी थांबवून हातानं "जा" म्हटलं की आपण विश्वासानं निघतो. त्या गाडीच्या पलीकडच्या पदरातून येणाऱ्याला मात्र आपण दिसत नसतो. थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत जायचं, तिथं थांबून डोकावायचं आणि मगच दुसऱ्या पदरात पाऊल टाकायचं. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून ओलांडू नका, बस जाऊ द्या.

लहानपणी "आधी उजवीकडं, मग डावीकडं" असं शिकवलेलं असतं. दुभाजकापर्यंत उजवीकडं आणि दुभाजकानंतर डावीकडं, हे नियमानं बरोबर आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र दुभाजकातली तोडलेली जागा लांब पडते म्हणून उलट दिशेनं, कडेकडेनं येणाऱ्या दुचाक्या सर्रास असतात. म्हणून प्रत्येक अर्ध्यात दोन्हीकडं बघायचं. पहिलं पाऊल टाकताना डावीकडं, आणि दुभाजकापलीकडं शेवटच्या पावलाला उजवीकडं बघायला विसरू नका. आपण पोहोचलोच असं वाटतं, ती नेमकी हीच जागा.

हे सगळं सांभाळून चाललं तरी जागा वाईट असेल तर ती वाईटच राहते, म्हणून एक मागणीही आपण मिळून करायला हवी. सिग्नल किंवा पूल मिळणार असेल तर हवाच, पण त्याआधी दुभाजकात दोन मीटर खोलीची उभं राहण्याची जागा, दोन्ही बाजूंना पंचवीस मीटर झाडी छाटलेली, आणि झेब्रा पट्टे गतिरोधकासारखे उंचावलेले, एवढं मागू या. उंच झेब्र्यावर गाडीला वेग ताशी तीसच्या आसपास आणावाच लागतो. आणि पूल मिळाला तरी पायऱ्या चढायला लागतात म्हणून मावशी-काका खालूनच जातील, हे मला माझ्या कामातून पक्कं माहीत आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्यांवर चालकानं वेग कमी करून, थांबून पायी माणसाला वाट द्यायची असते. पट्टेच नसतील तर हा नियम लावणार कुठं? म्हणून पट्टे आधी हवेत. पट्टे असले तरी गाडी खरंच थांबली हे बघितल्याशिवाय पुढं होऊ नका.

नुसतं "आम्हाला त्रास होतो" म्हणून अर्ज दिला तर तो फाईलीत राहील. आकडे जोडले तर त्याचं उत्तर द्यावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, २०१२ च्या आवृत्तीत एक निकष आहे. गर्दीच्या एका तासात ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्यायची, आणि त्याच तासातल्या दोन्ही बाजूंच्या एकूण वाहनांच्या वर्गानं तिला गुणायचं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर उत्तर २० कोटींहून जास्त आलं, तर तिथं नियंत्रित क्रॉसिंग, म्हणजे सिग्नलसारखी व्यवस्था, विचारात घ्यायला हवी. दुभाजक नसेल तर १० कोटी पुरेसे. आपण मघाशी धरलेला आकडा घेऊ. दोन्ही बाजूंचे मिळून २४००, त्याचा वर्ग ५७ लाख ६० हजार. त्याला ३५ नं गुणलं की २० कोटींच्या वर जातं. म्हणजे तासाला फक्त ३५ माणसं ओलांडत असली तरी निकष पूर्ण होतो. आपल्याकडं शाळा सुटण्याच्या वेळी तेवढी माणसं एकाच घोळक्यात असतात. निकष पूर्ण झाला म्हणजे सिग्नल उद्या बसेल असं नाही. चौक किती जवळ आहे, सिग्नलमुळं मागं किती रांग लागेल, तेही ते लोक बघतील. पण मोजल्यावर "इथं गरज नाही" असं उत्तर येऊ शकत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. दोघं वाहनं मोजतील, एक एका बाजूची आणि दुसरा दुसऱ्या बाजूची, आणि तिसरा माणूस ओलांडणारे मोजेल. ओलांडणारे नेमके एका रेषेत जात नाहीत, म्हणून खुणेच्या खांबापासून दोन्हीकडं दोन-दोन खांबांच्या आतले सगळे धरायचे. दर १५ मिनिटांनी वेगळी ओळ लिहायची, म्हणजे गर्दीचा तास नेमका कुठला ते कळेल. ओलांडणाऱ्यांत साठीपुढचे आणि लहान मुलं किती, ते बाजूला लिहा, कारण त्यांचा वेग वेगळा धरावा लागतो. सणाचा, सुट्टीचा किंवा पावसाचा दिवस घेऊ नका. बसून मोजायचं आहे, रस्त्यावर उतरायचं नाही, आणि फुटपाथवर आत, दुकानाच्या कठड्याजवळ बसायचं.

अर्ज महापालिकेच्या नावानं आणि शहर वाहतूक शाखेच्या नावानं असा दोन प्रतींत करू. रस्त्याचा तो भाग कोणाच्या ताब्यात आहे हे लेखी कळवावं, हीही मागणी त्यातच घालू, म्हणजे एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायला नको. दोन्हीकडं आवक क्रमांक घालून पोच घ्यायची. सोबत जागेचा नकाशा हातानं काढून जोडू. त्यात दुभाजकाची रुंदी, झाडीची उंची, जवळच्या दोन मोकळ्या जागांपर्यंतचं अंतर आणि गतिरोधक दाखवू. अंतरं मी मोजून देईन, कोरा तक्ताही माझ्याकडं आहे.

येत्या मंगळवारी सकाळी आठ ते अकरा आणि बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ मोजायचं ठरवलं आहे. एका वेळी तीन माणसं लागतील, दर तासाला बदल झाला तर कोणालाही जड जाणार नाही. कॉलेजची मुलं आली तर फार बरं, आकडे नीट लिहितात. ज्यांना बसायला जमणार नाही त्यांनी आपण कुठून ओलांडता आणि घाईत कुठं घुसावं लागलं, एवढं एका ओळीत लिहून आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ठेवलेल्या वहीत नोंदवा.

आपली शेजारीण